चोवीस पानांच्या नोट्स आणि चार ओळींचा मेसेज

वर्गात मला 'प्रस्तावना' म्हणतात. खरं नाव हजेरीपुरतं. "किती वाजले?" असं कुणी विचारलं, तर आधी घड्याळ कुणी दिलं ते सांगितल्याशिवाय मला वेळ सांगता येत नाही. बायको म्हणते, लग्नासाठी मला बघायला आलास तेव्हा पाऊण तास बोललास, मी कंटाळून हो म्हटलं. गंमत करत असावी. करतच असावी.

रक्त-लघवी तपासणीचा कोर्स मी एकतिसाव्या वर्षी घेतला. त्याआधी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. मग छापील फ्लेक्स आले आणि ब्रशवाल्यांना कुणी विचारेना. कुणीतरी सांगितलं, लॅब टेक्निशियन हो, माणसं आजारी पडायची थांबत नाहीत. ते पटलं. ब्रश गेला, पण अक्षर राहिलं. माझं अक्षर बघून आमच्या मॅडमही म्हणाल्या होत्या, "उत्तर चुकलंय, पण काय सुंदर चुकलंय!" मी त्यातलं अर्धंच वाक्य घरी सांगितलं.

त्याच मॅडमनी वही ठेवायची एक पद्धत शिकवली होती. चाचणीत जे चुकलं, ते जसंच्या तसं डाव्या पानावर लिहायचं. त्याच्या समोर, उजव्या पानावर, बरोबर काय आणि का. वही उघडली की दोन्ही एकदम दिसतात आणि आपला मूर्खपणा डोळ्यांसमोर राहतो. डाव्या पानावर मोठी फुली मारा, असंही त्या म्हणाल्या होत्या. ती मी मारली नाही. पान खराब दिसलं असतं.

प्रॅक्टिकलला दहा दिवस उरले तेव्हा माझ्या डोक्यात आलं की वर्गाचं भलं करावं. वर्षभराच्या वहीतून मी चोवीस पानांचा अर्क काढला. तीन रंगांच्या शाया, पट्टीने आखलेल्या चौकटी. खरं सांगायचं तर भलं वगैरे नंतरचं, मला आधी वाहवा हवी होती. मग एकेक पान मोबाईलवर स्कॅन केलं, फाईल बनवली आणि सोबत पाठवायचा मेसेज लिहायला बसलो.

तो मेसेज मी वर्गातल्या कात्रीला दाखवला. कात्री म्हणजे माझ्या शेजारच्या बाकावरची मुलगी, बावीस वर्षांची, आमच्या ग्रुपची अ‍ॅडमिन. कुणाचंही बोलणं मध्येच कापते म्हणून कात्री. तिने बोटाने मेसेज वर सरकवला, आणखी सरकवला, आणखी.

"दादा, हे काय आहे?"

"मेसेज."

"नोट्स चोवीस पानं आणि मेसेज पंचवीस? यात तुझी आई कुठून आली?"

"तिने लहानपणी अक्षर गिरवून घेतलं म्हणून..."

"चार ओळी," कात्री म्हणाली. "पाचवी लिहिलीस तर ग्रुपमधून काढीन. देवाशप्पथ."

मी निमूटपणे कापाकापीला बसलो. आई गेली. पाट्यांचा इतिहास गेला. जड अंतःकरणाने एकेक ओळ उडवत शेवटी सहावर आलो, आणि तिथे अडलो. एक ओळ होती, 'डाव्या पानांवर माझ्या चाचणीतल्या चुका आहेत, उजव्या पानांवर त्यांची दुरुस्ती. डावं पान पाठ करू नये.' दुसरी होती, 'अक्षर बरं नाही, सांभाळून घ्यावं.' पहिली ओळ लांब होती. शिवाय चारचौघांत आपल्या चुका कशाला मिरवा? आणि पान बघितलं की कळतंच की. पहिली कापली. तिच्या जोडीची, मॅडमचे आभार मानणारी, तीही कापली. दुसरी ठेवली, कारण ती वाचून चार जण तरी "अहो, काय मोत्यासारखं अक्षर आहे!" म्हणतील, अशी आशा होती.

ग्रुपवर गेलेला मेसेज असा होता:

'मित्रमैत्रिणींनो, प्रॅक्टिकलच्या आटोपशीर नोट्स सोबत जोडल्या आहेत, एकूण चोवीस पानं.
एका विषयाची दोन पानं, याप्रमाणे बारा विषय ओळीने आहेत.
लाल शाई म्हणजे तोंडी परीक्षेत हमखास, निळी म्हणजे वाचून ठेवा, हिरवी म्हणजे वेळ उरला तर.
अक्षर बरं नाही, सांभाळून घ्यावं.'

दहा मिनिटांत चाळीस अंगठे आले. एकाने हात जोडल्याचं चित्रही टाकलं. मी दिवसभर तो ग्रुप उघडून अंगठे मोजत होतो. अक्षराबद्दल मात्र कुणी काही बोललं नाही.

एकेचाळिसावा अंगठा दोन दिवसांनी आला, आणि तो ताईंचा होता.

ताई वर्गातल्या सगळ्यांत मोठ्या, पंचेचाळिशीच्या. एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये चौदा वर्षं काचसामान धुवायच्या. पिपेट, बीकर, काचपट्ट्या. शिवाय सकाळी रक्त घेण्याचे ट्रे लावून ठेवायचं कामही त्यांच्याकडेच. तिथल्या साहेबांनी शब्द दिला होता, कोर्स पास हो, टेक्निशियनच्या जागेवर घेतो. लेखी परीक्षा ताई पहिल्या झटक्यात पास झाल्या. प्रॅक्टिकलला मात्र दोनदा नापास. परीक्षक समोर बसला की त्यांची जीभ टाळ्याला चिकटायची. आमच्याकडे प्रॅक्टिकलला तीनच संधी. ही तिसरी होती. ही गेली की सगळा कोर्स गेला, आणि ताई पुन्हा सिंकपाशी.

"मला काम येतं हो भाऊ," त्या मला म्हणाल्या होत्या, "पण ते पुस्तकासारखं बोलता येत नाही." तेव्हा मी छाती फुगवून सांगितलं होतं, "ताई, काळजी सोडा. माझ्या नोट्स येतायत."

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी दुपारी कॉलेजची लॅब सरावासाठी उघडी होती. टेबलावर सुई टोचायचा रबरी हात, पट्टा, सुया आणि नळ्यांचा स्टँड. मुलं येऊन-जाऊन होती. ताई रजा टाकून आल्या होत्या आणि चक्क हसत होत्या.

"विचारा भाऊ, काय विचारायचं ते. सगळं पाठ आहे. लाल शाई तर झोपेतही सांगेन."

मला काय, हरभऱ्याच्या झाडावर चढायला तेवढं पुरतं. मी परीक्षकासारखा खुर्चीवर मागे रेललो. "सांगा बघू, रक्तातली साखर तपासायची तर कोणती नळी?"

"लाल टोपणाची, साधी," ताई ठणकावून म्हणाल्या. "दोन-तीन तास तशीच ठेवली तरी चालते."

मी हसलो. मला वाटलं, थट्टा करतायत. "बरं. एकाच वेळी तीन नळ्या भरायच्यात. क्रम?"

"जांभळी, मग लाल, मग निळी. निळी अर्धी भरली तरी चालते."

आता मात्र माझं हसू आटलं. ज्याला या कामातलं काही ठाऊक नाही त्याच्यासाठी सांगतो, ताईंनी सांगितलेलं प्रत्येक वाक्य उलटं होतं. साखरेला राखाडी टोपणाची नळी लागते. साध्या नळीत ठेवून दिलं तर रक्तातल्या पेशीच साखर खात बसतात आणि आकडा खोटा कमी येतो. निळी सगळ्यांत आधी, आणि ती रेषेपर्यंत भरलीच पाहिजे, कारण आतलं औषध नेमक्या रक्ताच्या मापाचं असतं. आणि जांभळी लालच्या आधी कधीच नाही.

"ताई, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"अहो, कुणी काय? तुम्हीच." त्यांनी पिशवीतून मोबाईल काढला, पान उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. मोबाईलवर एका वेळी एकच पान दिसतं. शेजारी उजवं पान नव्हतं, फुली नव्हती. होतं फक्त माझं मोत्यासारखं अक्षर, लाल शाईत, पट्टीने आखलेल्या चौकटीत. मी पहिल्या चाचणीत केलेली चूक मीच दुकानाच्या पाटीसारखी रंगवून ठेवली होती.

"पण ताई, पुढच्या पानावर बरोबर दिलंय ना..."

"पुढच्या पानावर वेगळं दिलंय, ते मी पाहिलं. मला वाटलं एका ठिकाणी अशी पद्धत, दुसऱ्या ठिकाणी तशी. तुम्हीच लिहिलं होतं ना, एका विषयाची दोन पानं? मी दोन्ही पाठ केली."

"अहो, पण तुम्ही रोज ट्रे लावता! साखरेची नळी राखाडी असते, हे तुम्हाला माहीत नाही होय?" मी जरा चिडूनच बोललो. चूक आपली असली की मला आधी राग येतो, ही माझी जुनी खोड.

ताईंनी मोबाईल खाली ठेवला. मग हळूच म्हणाल्या, "माहीत आहे की. चौदा वर्षं मीच लावतेय. पण तुमचं इतकं छान लिहिलेलं बघितलं आणि मला वाटलं, आमच्याकडेच चौदा वर्षं चुकत असेल. परवा साहेबांना सांगणारही होते. धीर झाला नाही."

मला कुणीतरी सणसणीत मुस्काटात द्यावी असं वाटलं. कुणी दिली नाही, म्हणून ते काम आजतागायत मीच करतोय.

आधी मी ग्रुपवर धावलो. 'थांबा! डावी पानं म्हणजे एक, तीन, पाच, सगळी विषम पानं चुकीची आहेत! कुणी पाठ केली असतील तर ताबडतोब विसरा!' मला धाकधूक होती की माझ्यामुळे अख्खा वर्ग बुडणार. लॅबच्या दुसऱ्या टोकाला कात्री उभी होती. ती तिथूनच ओरडली, "दादा, चिंता नको. फाईल उघडलीय कुणी?"

"म्हणजे? अंगठे दिले होते सगळ्यांनी!"

"अंगठा म्हणजे मिळालं. वाचलं असं थोडंच?" मग तिने उपस्थितांना विचारलं. कुणी म्हणे डाऊनलोड केलीय, कुणी म्हणे जागा नव्हती मोबाईलमध्ये. उघडून वाचलेला एकही जीव सापडला नाही. एकेचाळीस अंगठ्यांमागे मला वाचक एकच मिळाला होता, आणि त्यालाच मी खड्ड्यात घातलं होतं.

मग आम्ही दोघं पुन्हा टेबलापाशी बसलो. मी त्यांच्या फाईलमधल्या विषम पानांवर मोबाईलवरच बोटाने फुल्या मारल्या. मग म्हटलं, "आता हे विसरा, ताई."

विसर म्हटल्याने कुणाला विसरता येतं का? मी क्रम विचारला की ताई "निळी" म्हणायच्या, थांबायच्या, "नाही, जांभळी... नाही," आणि कपाळाला हात लावायच्या. त्यात माझं चालूच. हे असं का, ते तसं का, मी मुळात ही चूक कुठल्या चाचणीत केली, त्या दिवशी मला ताप कसा होता. पाचच्या सुमारास ताईंनी हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली.

"भाऊ, तुम्ही आता एक शब्द बोलू नका," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "दोन वेळा माझ्या भीतीने गेली परीक्षा. या वेळी मी घाबरले नव्हते. या वेळी पहिल्यांदाच मला वाटत होतं की मला येतंय."

पिशवी उचलून त्या निघून गेल्या. मी तिथेच बसलो. कात्री माझ्याकडे बघत होती.

घरी जाऊन मी माफीचा मेसेज लिहायला घेतला. आधी पश्चात्ताप, मग वहीच्या पद्धतीचं स्पष्टीकरण, मग फुली का मारली नाही त्याची कारणं. बायकोने खांद्यावरून वाचलं. "हे तिला पाठवतोयस की स्वतःला?" तिने विचारलं आणि कुकर लावायला गेली.

मी सगळं पुसलं. ताईंना काय हवंय ते शोधायला मला अर्धा तास लागला, एरवी तेवढ्या वेळात मी आभारसुद्धा संपवत नाही. शेवटी एवढंच पाठवलं: 'ताई, माझी सगळी डावी पानं चूक आहेत. नोट्स मिटवून ठेवा. तुम्ही रोज सकाळी जसा ट्रे लावता तेच बरोबर आहे.'

मेसेज वाचला गेल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. अंगठाही नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षेला आत एका वेळी दोघांना घेत होते. एक परीक्षकासमोर, दुसरा भिंतीपाशी खुर्चीवर वाट बघत. ताईंचा नंबर माझ्या आधी होता. म्हणजे सगळं मला समोर बसून बघायचं होतं. बाहेरून आलेल्या परीक्षक बाई होत्या, केस पिकलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. ताईंनी माझ्याकडे बघितलं नाही.

"पाच नळ्या आहेत," बाई म्हणाल्या. "एकाच वेळी भरायच्या आहेत. क्रम सांगा."

ताईंनी तोंड उघडलं आणि मिटलं. मला त्यांच्या डोक्यात काय चाललंय ते ठाऊक होतं. दोन पानं, दोन्ही माझ्या अक्षरातली, दोन्ही लाल. मी खुर्चीच्या कडा घट्ट धरल्या. देवा, यांची जीभ सोडव, वाटल्यास माझी कायमची बंद कर, असं मी अगदी मनापासून म्हणालो. बाईंनी पेन उचललं.

"मॅडम," ताई म्हणाल्या, "हाताने दाखवलं तर चालेल?"

बाईंनी चष्म्यावरून बघितलं. "दाखवा. पण दाखवता दाखवता बोलायचं."

ताईंनी नळ्यांच्या ढिगाकडे हात नेला आणि त्या हाताला कुणी काही शिकवायची गरजच नव्हती. निळी, लाल, हिरवी, जांभळी, राखाडी. भाजी निवडावी तितक्या सहज पाचही नळ्या स्टँडमध्ये जागेवर लागल्या. मग ताई बोलायला लागल्या, पुस्तकासारखं अजिबात नाही. "ही निळी पहिली. हिला रेषेपर्यंत भरायचं, कमी भरली की रिपोर्ट बोंबलतो, परत रक्त घ्यावं लागतं. मग लाल. मग हिरवी. जांभळी त्यांच्यानंतर. राखाडी शेवटी, साखरेची."

"जांभळी लालच्या आधी घेतली तर?"

"नको मॅडम! आमच्याकडे एकदा नवीन मुलाने घेतली होती. जांभळीतल्या औषधात पोटॅशियम असतं, ते थोडं जरी सुईबरोबर पुढच्या नळीत गेलं की पेशंटचं पोटॅशियम उगाच वाढलेलं दिसतं. माणूस पलंगावर बसून पेपर वाचतोय आणि रिपोर्ट बघून डॉक्टर धावतायत! परत रक्त घेतलं, सगळं व्यवस्थित."

बाई हसल्या. अजून चार प्रश्न विचारले, रबरी हातावर रक्त घेऊन दाखवायला सांगितलं. ताईंनी पट्टा बांधला, शीर चाचपली, सुई घातली, नळ्या भरल्या, पट्टा सोडला, मग सुई काढली. एकदाही थांबल्या नाहीत.

"कुठे शिकलात हे?" बाईंनी विचारलं.

"कामावर," ताई म्हणाल्या.

माझ्या नोट्सचं नाव निघालं नाही. मला हायसं वाटलं, आणि लाज वाटते सांगायला, तरी कणभर वाईटही वाटलं.

मग माझी पाळी. बाई म्हणाल्या, "साखरेची नळी उचला." मी सुरुवात केली, "मुळात रक्तातली साखर ही..." "नळी उचला," बाई म्हणाल्या. मी उचलली. लाल. वर्षभर सुंदर अक्षरात जपलेली ती चूक माझ्या हातात आपसूक आली. बाईंनी नळीकडे बघितलं. मी ती ठेवून राखाडी उचलली, पण तोवर त्यांचं पेन चाललं होतं.

निकाल तासाभरात बाहेरच्या फलकावर लागला. मी काठावर पास होतो, दोन मार्कांनी. त्याच यादीत वर ताईंचं नाव होतं, आणि पुढे मार्क होते ते मी दोनदा वाचले. कात्रीने मागून शिट्टी वाजवली.

ताईंनी यादीवर बोट ठेवून आपल्या नावापासून आकड्यापर्यंतची रेघ हळूहळू नेली. मग पुन्हा एकदा नेली. मग फलकासमोरच्या बाकावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडल्या. मला बोलायचं होतं. अख्खी प्रस्तावना तयार होती. मी जवळ जाऊन म्हटलं, "ताई, चुकलो."

त्यांनी मान हलवली, डोळे पुसले आणि मला शेजारी बसायची खूण केली. मग पिशवीतून मोबाईल काढून नंबर लावला. पलीकडून फोन उचलल्यावर त्या बसल्या जागी ताठ झाल्या.

"साहेब, मी बोलतेय. पास झाले." पलीकडून काहीतरी लांबलचक आलं, अभिनंदन असावं. ताईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हो साहेब. उद्या येते. पण सिंकपाशी आता दुसरं कुणी बघा."